साडेबारा वाजताचे ताट आणि वजनाचा हिशेब

या महिन्यात आलेल्या पत्रांतले एक पत्र आम्ही बाजूला काढून ठेवले, कारण त्यातला प्रश्न एकाच घराचा नाही. कोल्हापूरच्या सदर बाजार भागातून एका भगिनीने ते लिहिले आहे. त्यांचे पती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत कामाला आहेत. कायमची दुसरी पाळी, दुपारी चार ते रात्री बारा. घरी येऊन हातपाय धुवून दस्तरखानावर बसेपर्यंत साडेबारा होतात. वय ४४, उंची पाच फूट सहा इंच, वजन ७८ किलो. कारखान्यातल्या तपासणीत डॉक्टरांनी सात किलो वजन कमी करा म्हणून सांगितले. मग कोणीतरी नियम दिला : रात्री आठनंतर पोटात गेलेला प्रत्येक घास चरबी होतो, तेव्हा आठनंतर जेवण बंद.

घराने नियम मनापासून पाळला. दोन महिने झाले, साडेबाराचे ताट बंद आहे. वजन कमी होण्याऐवजी दीड किलो वाढले आहे. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता सांगावे तसे, एक वाक्य आहे : "आमच्या अम्मींनीही हाच नियम धरला आहे. शुगरची गोळी घेतात, पण इशाची नमाज होऊन साडेनऊ वाजले तर आता उशीर झाला म्हणून तशाच झोपतात. दोनदा पहाटे घामाघूम होऊन उठल्या."

वजनाचे नंतर पाहू. आधी अम्मींचे.

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर उपाशी राहिल्याने धोकादायक इतकी सहसा उतरत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांचेही तेच. औषध आपले काम करत राहते आणि साखर खाली जाते. झोपेत हे घडले की माणूस घामाने भिजून, थरथरत, छाती धडधडत उठतो. कधी उठतच नाही, नुसता बडबडतो, आणि घरच्यांना स्वप्न वाटते. अशा वेळी घरात ग्लुकोमीटर असेल तर बोटाला टोचून पाहावे. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच नसेल पण लक्षणे ही असतील, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, फरक नसेल तर पुन्हा तितकीच द्यावी, आणि बरे वाटल्यावर अर्धी भाकरी किंवा चपाती खायला द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.

भगिनी, याच आठवड्यात अम्मींना गोळ्यांच्या पाकिटासह डॉक्टरांकडे न्या आणि घामाच्या त्या दोन पहाटा नीट सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि गोळी घेतली असेल तर घड्याळात किती वाजलेत ते न पाहता त्यांना जेवू घाला. ज्या नियमासाठी त्या उपाशी झोपतात, त्यात तथ्य किती ते आता बघू.

वजनाचा हिशेब जमाखर्चाचा आहे. अन्नातून येणारी ऊर्जा ही जमा. श्वास, हृदय, मेंदू, यकृत चालवणे, अंग गरम ठेवणे, अन्न पचवणे आणि हालचाल हा खर्च. जमा खर्चापेक्षा जास्त झाली तर उरलेली शिल्लक मुख्यतः चरबीच्या रूपाने साठते. कमी पडली तर साठ्यातून काढली जाते. शाहू मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी आडत सकाळी लिहितो की रात्री, याने वर्षअखेरची शिल्लक बदलत नाही. शरीराची वहीही बरीचशी तशीच आहे. "बरीचशी" हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे, त्याकडे पुढे येऊ.

लोक म्हणतात, दिवसा खाल्लेले कामात जळते, झोपेत काहीच जळत नाही. हे खरे नाही. पत्रातल्या गृहस्थांच्या शरीराला नुसते पडून राहण्यासाठी दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी लागतात, म्हणजे तासाला साधारण ६५. झोपेत हा आकडा किंचित उतरतो, शून्य होत नाही. साडेसहा तासांच्या झोपेत चारशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. ते साडेबाराला ७७० कॅलरींचे जेवले असे धरा. पहाटेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक खर्ची पडल्या. उरलेल्या काही ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत गेल्या, काही चरबी म्हणून, हे अगदी खरे. पण सकाळी उठून ते बाजारात गेले, घरची कामे केली आणि दुपारी जेवायला बसले, तोपर्यंत तो साठा परत वापरला गेला. दुपारच्या जेवणाचेही हेच होते. प्रत्येक जेवणानंतर शरीर थोडे साठवते आणि दोन जेवणांच्या मध्ये काढते. नियम सांगणारा यातला साठवण्याचा अर्धा भाग तेवढा सांगतो.

मग हा समज इतका पक्का का? आमच्या मते याचे मोठे कारण घरातला वजनकाटा आहे. रात्री अकराला तांबडा-पांढरा रस्सा, भात, भाकरी असे भरपूर जेवायचे आणि सकाळी सहाला काट्यावर उभे राहायचे. काटा कालच्यापेक्षा पाऊण किलो जास्त दाखवतो. डोळ्यांनी पाहिलेला पुरावा, कोण नाकारणार? पण त्या ताटाचे आणि वर प्यायलेल्या पाण्याचे वजनच किलोभर असते. तेच जेवण सायंकाळी सातला झाले असते तर श्वासातून, घामातून, लघवीतून पाणी जायला अकरा तास मिळाले असते, इथे सातच मिळाले. शिवाय रश्श्यातले मीठ अंगात पाणी धरून ठेवते. तीन ग्रॅम जादा मीठ सुमारे ३०० ग्रॅम पाणी अडवते. भाताभाकरीतून साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असते.

ते पाऊण किलो चरबी असू शकते का, हे कागदावर तपासता येते. किलोभर चरबी साठायला दिवसाच्या खर्चाच्या वर सुमारे ७,७०० कॅलरी लागतात. मध्यम भाकरी, पन्नास ग्रॅम पिठाची, १७० कॅलरींची धरली तर किलोसाठी रोजच्या जेवणाच्या वर पंचेचाळीस भाकऱ्या एका रात्रीत खाव्या लागतील. खासबागेच्या मैदानात उतरणाऱ्या पैलवानालाही ते जमणार नाही. काट्यावरची ती वाढ पाणी आणि पोटातले अन्न यांची असते, आणि दोन दिवसांत आपोआप उतरते.

आता पत्रातल्या घराचा हिशेब मांडू. भगिनींनी पूर्वीचे आणि आताचे दोन्ही खाणे व्यवस्थित लिहून पाठवले, त्यामुळे आमचे काम सोपे झाले. पूर्वी ते कारखान्यात आठच्या सुट्टीत चहा आणि दोन बिस्किटे घेत. त्याच्या १०० कॅलरी. साडेबाराला घरी दोन भाकऱ्या, एक वाटी आमटी, एक वाटी भाजी, एक वाटी भात. भाकऱ्यांच्या ३४०, आमटीच्या १२०, तेल धरून भाजीच्या १२०, भाताच्या १९०, म्हणजे ७७०. दोन्ही मिळून ८७०.

नियम आल्यावर आठच्या आत पोट भरायचे म्हणून कँटीनमध्ये दोन वडापाव आणि चहा सुरू झाला. त्याच्या सुमारे ६५०. भट्टीजवळचे काम करून साडेबाराला घरी आल्यावर भूक लागायची ती लागतेच. पण "जेवायचे नाही" म्हणून मग साखर घातलेले म्हशीचे दूध एक पेला, आणि वाटीभर भडंग. भडंग हलके, चुरमुऱ्याचे, त्याने काय होणार? जयसिंगपूरकडच्या भडंगाची चव आम्हालाही ठाऊक आहे, पण त्यात तेल आणि शेंगदाणे असतात. पन्नास ग्रॅमची वाटी २४० च्या घरात जाते. म्हशीच्या दुधाचा २०० मिलीचा पेला २२०, दोन चमचे साखर ४०. हे झाले ५००. एकूण १,१५०.

म्हणजे जेवण बंद करून दिवसाला २८० कॅलरी वाढल्या. कामाचे पन्नास दिवस धरले तर १४,०००. भागिले ७,७००, उत्तर येते सुमारे एक किलो आठशे ग्रॅम. पत्रात लिहिले आहे दीड किलो. घरगुती वाट्यापेल्यांच्या हिशेबाला यापेक्षा जवळचे उत्तर मागू नये.

याच पत्रात आणखी एक ओळ आहे, जी लिहिणाऱ्या भगिनींच्याही लक्षात आली नसावी. त्या म्हणतात, "गेली दोन वर्षे वजन ७८ वरच होते." ती दोन्ही वर्षे ते रोज रात्री साडेबाराला पोटभर जेवत होते! उशिराचे जेवण आपोआप वजन वाढवत असते तर दोन वर्षांत काटा पुढे सरकला असता. तो सरकला नाही, याचा अर्थ जमा आणि खर्च सारखे होते. वजन जास्त होते, ते पूर्वी कधीतरी साठलेले. ते उतरवायला घड्याळ बदलून उपयोग नव्हता, ताट बदलायला हवे होते.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न दोन बाजूंनी तपासला आहे, आणि योगायोगाने दोन महत्त्वाचे अभ्यास २०२२ मध्येच प्रसिद्ध झाले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठात वजन जास्त असलेल्या ३० जणांना चार आठवडे दिवसाच्या अन्नाचा मोठा वाटा सकाळी आणि चार आठवडे मोठा वाटा संध्याकाळी दिला गेला. माणसे तीच, एकूण कॅलरी सारख्याच, आणि सगळे जेवण संशोधकांनीच पुरवलेले. खर्च मोजायला खुणेचे पाणी प्यायला देऊन ते शरीरातून किती वेगाने जाते ते पाहिले, त्यामुळे माणूस नेहमीसारखा हिंडूफिरू शकतो. सकाळी जास्त खाल्ले तेव्हा सरासरी ३.३३ किलो उतरले, संध्याकाळी जास्त खाल्ले तेव्हा ३.३८. फरक नाहीच म्हणायचा. पण सकाळी भरपेट खाणाऱ्या चार आठवड्यांत लोकांना दिवसभर भूक कमी लागली.

दुसरा अभ्यास अमेरिकेत बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये झाला. तिथे १६ जणांना प्रयोगशाळेतच ठेवून तेच जेवण एकदा वेळेवर आणि एकदा चार तास उशिरा दिले. उशिरा जेवताना भूक बरीच वाढली, पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन उतरले, आणि जागेपणीचा खर्च पाचेक टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ६० कॅलरींनी घटला. इथे लोकांचे वजन वाढले की नाही हे पाहिले नव्हते, कारण प्रयोग काही दिवसांचाच होता. माणसेही थोडी होती.

दोन्ही जवळ ठेवून आम्ही असे वाचतो : खर्चातला फरक एक तर नाही, किंवा असलाच तर अर्ध्या चपातीइतका आहे. वर "बरीचशी" म्हटले ते यासाठी. भुकेतला फरक मात्र दोन्हीकडे दिसतो. आणि प्रयोगशाळेच्या बाहेर, जिथे कोणी मोजून ताट देत नाही, तिथे भूकच जमेची बाजू ठरवते. उशिरा खाणारे अनेकजण जाड का दिसतात याचे उत्तर इथे बरेचसे मिळते. बहुतेक घरांत रात्री अकरा वाजता जे खाल्ले जाते ते उशिरा सरकलेले जेवण नसतेच. जेवण नऊला झालेले असते, आणि हे त्यावरचे असते : मोबाइल पाहता पाहता फरसाण, रंकाळ्यावर फिरायला गेल्यावर भेळ आणि आइस्क्रीम, गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर समोर काढलेले धारोष्ण दूध. ही जादाची जमा आहे. दुपारी चारला खाल्ली असती तरी तितकीच जमा झाली असती.

झोपेचाही यात हात आहे. झोप मोडलेली माणसे दुसऱ्या दिवशी जास्त खातात. अशा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१७ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात ही वाढ सरासरी ३८५ कॅलरींची निघाली. दुसऱ्या पाळीच्या माणसाला सकाळी सातला मुलांच्या शाळेच्या गडबडीत उठवणे हे म्हणूनच वजनाच्या हिशेबात महाग पडते. त्यांना साडेआठपर्यंत झोपू द्यावे.

आपल्या वाचकांना या विषयातली सगळ्यांत मोठी चाचणी घरच्या घरी दरवर्षी पाहायला मिळते. रमजानमध्ये दिवसाचे सगळे खाणे मगरिबनंतर आणि फजरच्या आधी होते. रात्री खाल्लेले आपोआप चरबी होत असेल तर रमजानच्या महिन्यात प्रत्येक रोजेदाराचे वजन वाढायला हवे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले त्यात उलटे दिसले. महिनाअखेर वजन सरासरी सव्वा किलोने कमी झाले होते, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यातले निम्म्याहून अधिक परत आले. सरासरीच्या आड काहींचे वाढलेलेही असते, आणि ते कोणाच्या घरात वाढते हे आपण सगळेच जाणतो. जिथे इफ्तारला रोज कढई चढते, भजी आणि समोसे आणि वर गोड सरबताचे दोन पेले, तिथे वाढते. रमजान ही चोख चाचणी आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्यात दिवसाचे खाणे पूर्ण थांबते आणि झोपेच्या वेळाही बदलतात. पण "आपोआप" हा शब्द खोडायला ती पुरेशी आहे.

कढईचा हिशेब करायची एक सोपी रीत आहे. महिन्याला घरात किती तेल येते ते पाहा. चार मोठ्या माणसांच्या घरात पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम पडते, म्हणजे ३४० कॅलरी, दोन भाकऱ्यांइतक्या. रमजानमध्ये तेच आठ लिटर झाले तर माणशी रोज २०० कॅलरींची भर पडली, घास एकही न वाढवता. थोडे तेल कढईत उरते, टाकले जाते, तेवढे वजा करा.

आता उशिराच्या जेवणाविरुद्ध जे खरे मुद्दे आहेत तेही सांगितले पाहिजेत, नाहीतर कोणी या लेखाचा आधार घेऊन मध्यरात्री बिर्याणी मागवेल. पहिला मुद्दा आम्लपित्ताचा. भरल्या पोटी आडवे झाले की जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढते, छातीत जळजळते, पहाटे खोकला येतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवावेत. दुसरा साखरेचा. एकच भात सकाळी खाल्ला आणि रात्री उशिरा खाल्ला तर रात्री रक्तातली साखर जास्त चढते आणि जास्त वेळ चढून राहते, कारण त्या वेळी शरीराचे इन्सुलिनचे काम मंदावलेले असते. म्हणून मधुमेह असलेल्यांनी जेवण लवकर करणे चांगलेच. पण त्याचा अर्थ उशीर झाला तर उपाशी झोपणे असा नाही. ज्यांच्या गोळीने साखर उतरते त्यांनी तर कधीच नाही.

मग शिरोलीहून साडेबाराला येणाऱ्या माणसाने काय खावे? आमचा सल्ला असा की घरचे जेवण परत सुरू करावे आणि भार दोन भागांत वाटावा. आठच्या सुट्टीसाठी डब्यात एक चपाती आणि दोन उकडलेली अंडी द्यावीत, चहा कमी साखरेचा. हे झाले ३३० च्या आसपास. साडेबाराला एक भाकरी, वाटीभर आमटी, कमी तेलाची भाजी, कांदा-काकडी आणि पेलाभर ताक. हे ४४० च्या आसपास. एकूण ७७०. आताच्या १,१५० पेक्षा हे ३८० ने कमी, पण ज्यावर वजन स्थिर होते त्या ८७० पेक्षा फक्त शंभराने कमी. डबा आणि ताट मिळून पोट रिकामे राहत नाही, म्हणून भडंगाचा डबा उघडला जात नाही. दिवसभरात ते चार कप चहा घेतात, प्रत्येकात दोन चमचे साखर. ती एकावर आणली की आणखी ८० गेल्या.

या १८० कॅलरींनी किती उतरेल? इथे ७,७०० चा भागाकार लांबवर नेऊ नये. वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही उतरतो, लहान गाडीला कमी तेल लागावे तसा. अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेला ठोकताळा असा : दिवसाला सुमारे २४ कॅलरींचा कायमचा फरक म्हणजे शेवटी एक किलोचा फरक, आणि त्यातला निम्मा पहिल्या वर्षात, बाकीचा पुढच्या दोनेक वर्षांत. त्या हिशेबाने १८० कॅलरींचे सात-साडेसात किलो होतात, पण पहिल्या वर्षात साडेतीनच. नव्याने चढलेला दीड किलो मात्र त्याआधी, काही आठवड्यांत उतरायला हरकत नाही. महिन्यात सात किलोची जाहिरात करणारे कोल्हापुरातही कमी नाहीत. त्यांच्या काट्यावर पहिल्या आठवड्यात जे उतरते ते वर सांगितलेले पाणी असते.

काटा रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी पाहावा आणि सात दिवसांची सरासरी लिहावी. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडावी, आजचा आकडा कालच्याशी नव्हे. पहिले दोन आठवडे मगरिबनंतर तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वहीत टिपावी, चमचाभर शेंगदाणेसुद्धा. चार आठवड्यांत सरासरी हललीच नाही तर वाटीचे माप मोठे आहे किंवा टिपायचे काही राहते आहे, असे समजून ताट पुन्हा पाहावे.

भगिनींनी स्वतःविषयी काहीच विचारलेले नाही, पण पत्रातून थोडे दिसते. त्या आठ वाजता मुलांबरोबर जेवतात. मुलांच्या ताटातली अर्धी चपाती, तूप घातलेला दोन घास भात टाकून द्यायला नको म्हणून स्वतः संपवतात. साडेबाराला पती येतात तेव्हा "त्यांना एकट्याला कसे बसवायचे" म्हणून पुन्हा वाटीभर भडंग आणि अर्धा पेला दूध घेतात. उरलेल्या घासांच्या दीडशे आणि सोबतीच्या साडेतीनशे, अशा पाचशे कॅलरी कोणत्याही जेवणात धरल्या न जाता रोज जातात. यातल्या पहिल्या दीडशे रात्री आठच्या आधीच्या आहेत, म्हणून नियमाला त्या दिसत नाहीत. भगिनी, तुम्हाला पतीबरोबर जेवणे आवडत असेल तर आठला मुलांना वाढताना स्वतः एक फळ आणि मूठभर भाजलेले हरभरे खा, आणि साडेबाराला त्यांच्यासोबत तुमचे खरे ताट घ्या, भाकरी आमटीसह. झोप आवरत नसेल तर आठला पूर्ण जेवा आणि नंतर त्यांच्याजवळ नुसत्या बसा. मुलांना पहिल्यांदा थोडेच वाढा, मागितले तर पुन्हा द्या, म्हणजे ताटात उरणार नाही. दोन्हीपैकी कोणतेही एक चालेल, आणि कोणते ते तुमच्या झोपेवरून ठरवा.